आईला साफ होत नाही, पण डायपरमध्ये पातळ गळतंय. एनिमा घरी द्यावा का?

मानेवाडाकर

नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची. घरातच पाय घसरून पडली, डाव्या खुब्याचं हाड मोडलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात अर्धा सांधा बदलला. घरी आणल्यापासून बहुतेक पलंगावरच असते, वॉकर धरून दोन-चार पावलं टाकते तेवढीच. ऑपरेशनपासून तिला मोकळी अशी संडास झालेलीच नाही, आठवडा केव्हाच उलटला. शेजारच्या काकूंनी इसबगोल सांगितलं, ते रात्री अर्धा कप दुधातून देतोय.

कालपासून भलतंच सुरू झालं. डायपरमध्ये थोडं थोडं पातळ, फार घाण वासाचं गळतंय, आणि तिला स्वतःला कळतही नाही. पोट गच्च वाटतं म्हणते, जेवण पुढ्यातून सरकवते.

घरात दोन तट पडलेत. बायकोचं म्हणणं, जुलाब लागलेत, ते थांबायची गोळी देऊ. मोठा भाऊ म्हणतो पोट साफच नाही, एनिमा द्या. तो दुकानातून १०० मिलीच्या तयार बाटल्या दोन घेऊनही आला. एकीने नाही झालं तर लगेच दुसरी द्या, असं दुकानातल्या पोराने सांगितलं म्हणे. आयाबाई म्हणतात, आणा इकडे, मी देते. त्यात आईला डाव्या कुशीवर वळताच येत नाही. काय करावं?

तर्रीपोहे

काहून घाबरता बाप्पा! म्हाताऱ्या माणसाचं असं होतेच. आमच्या आजीले दोन चमचे एरंडेल कोमट दुधात द्यायचो, सकाळी पोट साफ. नाहीतर संडासला बसताना पायाखाली पाटा ठेवा, गुडघे वर आले पाहिजेत, लवकर होते. आपली जुनी बैठकच बरोबर होती, हे कमोड आल्यापासून सगळ्यांची पोटं बिघडली. बाकी भाऊ बरोबर सांगतात तुमचे, हे जुलाब नाहीत. गोळी नका देऊ.

निवृत्त_सिस्टर

मानेवाडाकर भाऊ, मी तीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीच हाडांच्या वॉर्डात. आधी तीन गोष्टी. जुलाब थांबवायची गोळी द्यायची नाही. इसबगोल आजपासून बंद. आणि त्या दोन बाटल्या तूर्त कपाटात ठेवा.

तुम्ही सांगताय ते जुलाब नसावेत. खाली गुदाशयात मळाचा घट्ट गोळा अडकून बसतो, वरचा पातळ मळ त्याच्या बाजूने वाट काढून झिरपतो. तुंबलेल्या मोरीतून पाणी पाझरतं तसं. म्हणून थोडं थोडं येतं, पेशंटला कळत नाही आणि पोट काही हलकं होत नाही. खरे जुलाब असते तर पोट मोकळं झालं असतं. अशात थांबवायची गोळी दिली की आतडं आणखी सुस्तावतं आणि गोळा जागचा हलत नाही.

इसबगोल वाईट नाही. पण ते पाणी शोषून फुगतं आणि मळाचा आकार वाढवतं. चालत्या-फिरत्या माणसाने मोठा ग्लासभर पाण्यासोबत घेतलं तर छान. तुमची आई पलंगावर, पाणी कमी, वर अर्ध्या कपात दिलेलं. खाली वाट बंद असताना वरून माल वाढवून काय मिळणार?

तर्रीपोहे दादा, एरंडेलाचंही तेच. वरून जोर लावणारं औषध आहे ते. खाली दार बंद आणि वरून ढकललं तर मुरडा येतो, उलट्या होतात. आणि पाटा तर हिला अजिबात नको. खुब्याचा सांधा बदललेल्या माणसाचे गुडघे कमरेच्या वर जाऊ द्यायचे नसतात, सांधा निखळू शकतो. म्हणून तर उंच सीट लावायला सांगतात.

आता मला हे सांगा: कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, डिस्चार्ज कार्डावर क्रिएटिनिन किती लिहिलंय, उलट्या आहेत का, पोट फुगून ताणलंय का, गॅस खालून सरतो का, लघवी किती होते.

तर्रीपोहे

खुब्याचं ध्यानातच नाही राहिलं ताई. पाट्याचं मागे घेतो. एरंडेलाचं नाही घेत.

मानेवाडाकर

सिस्टर, कार्ड समोर ठेवून लिहितोय. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी, दिवसातून तीनदा. लोहाची गोळी, कॅल्शियम, ॲसिडिटीची. बीपीची टेल्मिसार्टन, तिच्यात लघवी होण्याचं औषधही आहे. रक्त पातळ ठेवायची एक गोळी, ती महिनाभर सांगितलीय. क्रिएटिनिन १.८.

उलटी नाही. पोट मोठं दिसतं पण दाबलं तर मऊ लागतं. गॅस सरतो. लघवी मात्र कमी झालीय, थोडी थोडी होते, आणि काल रात्री जराशी बरळल्यासारखी बोलत होती. आम्हाला वाटलं ऊन बाधलं. कूलर चालू आहे पण खोली तापतेच.

हाडाच्या डॉक्टरांकडे फोन केला होता. ते ऑपरेशनमध्ये होते, असिस्टंट म्हणाले, देऊन टाका एनिमा, त्यात काय.

गावठी_टोमॅटो

मला पण हाच त्रास आहे. सावजीत जेवलं की दुसऱ्या दिवशी हमखास. रक्त पण येतं कधीकधी, चिरल्यासारखं दुखतं. तयार बाटलीचा एनिमा घेऊन बघू का? किती वेळ धरायचा?

औषधवाला

सदरला दुकान आहे माझं, म्हणून बाटलीबद्दल बोलतो.

टोमॅटोभाऊ, तुमचं वेगळं आहे. चिरल्यासारखं दुखतं आणि रक्त येतं म्हणजे बहुधा चीर पडलेली असणार, तिथे नळी घालून आणखी दुखवून घेऊ नका. एकदा दाखवा, वेगळा धागा काढा.

मानेवाडाकर, तुमच्या बाटल्यांवर बारीक अक्षरात सोडियम फॉस्फेट लिहिलेलं असेल, बघून घ्या. आपल्याकडे तयार एनिमा म्हणून बहुतेक हाच मिळतो. धडधाकट माणसाला एक बाटली दिली तर सहसा काही होत नाही. तो खारट द्राव आतड्यात पाणी ओढून आणतो, पाच-दहा मिनिटांत कळ येते, सगळं बाहेर पडतं. अडचण येते ती बाहेर न पडल्यास. मग तेच फॉस्फेट आतड्यातून रक्तात जातं. मूत्रपिंड धड असेल तर ते काढून टाकतं. नसेल तर रक्तात फॉस्फेट चढतं आणि कॅल्शियम खाली येतं. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं, ठोके चुकणं, इथपर्यंत जातं.

अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०१४ मध्ये यावर इशारा काढला होता. २४ तासांत एकापेक्षा जास्त डोस नको, हा त्यातला मुख्य मुद्दा. आणि जपायचं कोणाला, तर वय ५५ च्या वर, अंगात पाणी कमी, मूत्रपिंडाचा आजार, लघवीचं औषध चालू, टेल्मिसार्टनच्या जातीची बीपीची गोळी चालू. क्रिएटिनिन १.८ म्हणजे मूत्रपिंडही कमजोर, या यादीत तुमची आई जवळजवळ सगळीकडे बसते. 'एकीने नाही झालं तर लगेच दुसरी' हे ज्याने सांगितलं त्याने काउंटरवर उभं राहू नये.

निवृत्त_सिस्टर

औषधवाल्या भाऊंनी नेमकं सांगितलं. मी एवढंच जोडते की मळाचा टणक गोळा पुढे असताना बाटली दिली तर द्राव त्याच्या मागे जाऊन अडकतो. म्हणजे आत राहून जाण्याची भीती तुमच्याच केसमध्ये सर्वात जास्त.

लघवी थोडी थोडी होणं आणि बरळणं, ही दोन्ही मला आवडलेली नाहीत. गुदाशय भरून फुगला की पुढे मूत्राशयावर दाब येतो, लघवी तुंबते. म्हातारी माणसं अशाने बरळतात. उन्हाचं असेल, ट्रॅमाडॉलचंही असेल, सोडियम उतरलं असेल. घरी बसून कळणार नाही. आज डॉक्टरांचं बोट लावून तपासणं झालं पाहिजे. घरी येणारे फॅमिली डॉक्टर असतील तर बोलवा, नाहीतर मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत न्या. वाट बघू नका. उलटी सुरू झाली, पोट ताणून कडक झालं, गॅस सरणं बंद झालं किंवा ताप आला, तर मग घरी कोणालाच बोलवायचं नाही, थेट ॲडमिट. तेव्हा एनिमाही नाही आणि तोंडाने रेचकही नाही, आधी एक्स-रे.

आणि आयाबाईंना सांगा, हात लावायचा नाही. त्यांना येत असेल, पण रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना आत नख लागलं तर रक्त थांबता थांबत नाही.

नंदनवनची_ताई

माझा भाऊ मणक्याच्या दुखापतीने छातीखाली लुळा आहे. त्याचं पोट आम्ही रोज ठरल्या वेळी हाताने साफ करतो, हातमोजा घालून, जेली लावून. मला दवाखान्यात शिकवलंय. त्यामुळे 'घरच्यांनी हात लावू नये' हे सरसकट पटत नाही सिस्टर. आमच्यासारख्यांचं मग चालणारच नाही.

एक मात्र खरं, भाऊला मधेच डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. तसं झालं की लगेच हात काढायचा, त्याला उठवून बसवायचं, बीपी बघायचं. मणका वरच्या बाजूला दुखावलेल्यांचं बीपी अशा वेळी एकदम चढतं. हे शिकवलं नसतं तर आम्ही तसंच करत राहिलो असतो.

निवृत्त_सिस्टर

ताई, तुमचं अगदी बरोबर. तुम्हाला शिकवलंय, रोजचं आहे, भाऊची तब्येत तुम्हाला माहीत आहे. माझं बोलणं ह्या आईंपुरतं. पहिल्यांदाच होतंय, रक्त पातळ आहे, सांधा नवीन आहे.

मानेवाडाकर

काल संध्याकाळी आमचे जुने डॉक्टर घरी आले. सगळं सविस्तर लिहितो, कोणाच्या तरी कामी येईल.

आधी त्यांनी पोट तपासलं, स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. खाली ओटीपोटात हात ठेवून म्हणाले, लघवी पण तुंबली आहे. मग आईला उजव्या कुशीवर वळवलं. डावा पाय ऑपरेशनचा, म्हणून दोन पायांमध्ये मांडीपासून घोट्यापर्यंत जाड उशी, वरचा पाय थोडासाच वाकवलेला. मी खांदा धरला, बायकोने कंबर, तिघांनी मिळून एकदम वळवलं. पाय पायावर येऊ द्यायचा नाही, हे ते दोनदा बोलले.

बोट घालताच म्हणाले, इथेच आहे, अगदी दाराशी, दगड. बधिर करणारी जेली भरपूर लावली आणि पाच मिनिटं थांबले. बोटात पल्स ऑक्सिमीटर अडकवला. मग एका बोटाने तुकडे फोडत फोडत काढायला लागले. काळेकुट्ट, सुके खडे. अर्ध्यात नाडी ९४ वरून ५२ वर आली, आईच्या कपाळावर घाम. डॉक्टरांनी तिथेच हात काढला. आई दोन-तीन मिनिटांत सावरली, पण ते म्हणाले आज बस, राहिलेलं उद्या. तेवढ्यानेही फरक पडला, थोड्या वेळाने लघवी भरपूर झाली.

आज सकाळी सिस्टर घेऊन आले. साधं सलाइन कोमट करून साधारण पाव लिटर, नळीने हळूहळू दिलं. दहा-पंधरा मिनिटांनी बेडपॅन भरला. आई आत्ता वरणभात मागतेय. रक्ताची तपासणी पाठवलीय.

माझे प्रश्न दोन. संडास काळी होती, ते रक्त तर नाही? आणि आता पुढे रोज काय द्यायचं? डॉक्टरांनी पावडर लिहून दिलीय, १७ ग्रॅम ग्लासभर पाण्यात. भाऊ म्हणतो दुधासारखं पांढरं पातळ औषध मिळतं ते चांगलं, त्याला लागू पडतं.

तर्रीपोहे

वा! सुटली बिचारी माऊली. ते पांढरं औषध मी पण घेतो, लय भारी आहे.

निवृत्त_सिस्टर

छान झालं. तुमच्या डॉक्टरांनी नाडी उतरल्याबरोबर हात काढला, हे सर्वात मोलाचं. गुदाशय ताणला की व्हेगस नसेवाटे ठोके मंदावतात, म्हातारं माणूस चक्कर येऊन जातं. हातासरशी सगळंच उरकून टाकू म्हणणारे मी पाहिलेत, आणि पुढची धावपळही पाहिली आहे.

काळ्या रंगाचं: लोहाच्या गोळीने शी काळपट हिरवी होते, पण ती घट्टच असते. डांबरासारखी चिकट, चकाकणारी, विशिष्ट सडका वास असलेली पातळ काळी शी झाली, तर ते वर पोटात रक्त गेल्याचं लक्षण. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे म्हणून हा फरक लक्षात ठेवा. तुम्ही सुके खडे म्हणताय, ते बहुधा लोहाचंच. तरी हिमोग्लोबिन तपासणीत आहे ना, बघून घ्या.

औषधवाला

पुढच्या औषधाबद्दल सांगतो.

त्या पावडरीला आम्ही पेग म्हणतो, पूर्ण नाव पॉलिइथिलीन ग्लायकॉल. ती पाणी आतड्यात धरून ठेवते, स्वतः रक्तात जवळपास जात नाही. म्हणून मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना बरी पडते. आज दिली आणि उद्या सकाळी झालं पाहिजे, अशी अपेक्षा धरू नका. एक ते तीन दिवस लागतात. लोक दुसऱ्या दिवशी येऊन 'हे चालत नाही, दुसरं द्या' म्हणतात, मी परत पाठवतो. लॅक्टुलोजचं पातळ औषधही याच जातीचं, चवीला गोड. त्याने गॅस जास्त होतो, पोट फुगतं, म्हणून काहींना सोसत नाही.

भाऊच्या पांढऱ्या औषधात बहुतेक मॅग्नेशियम आणि लिक्विड पॅराफिन असतं. भाऊला चालेल. आईचं क्रिएटिनिन १.८, मॅग्नेशियम साठून राहू शकतं. आणि पॅराफिन म्हणजे तेल. पलंगावर आडवं असलेल्या, ठसका लागणाऱ्या माणसाच्या घशातून ते फुप्फुसात उतरलं तर निमोनिया होतो. घरात एकाला लागू पडलं म्हणून दुसऱ्याला, हे रेचकाच्या बाबतीत फार चालतं आपल्याकडे.

पेगने तीन दिवसांत नाहीच झालं तर डॉक्टर बहुधा बिसाकोडिल जोडतील, ५ मिलिग्रॅम रात्री. ती आतड्याला हलवते, सहा ते बारा तासांत. तिच्यावर लेप असतो, म्हणून चुरून द्यायची नाही आणि दुधाबरोबरही नाही. लेप पोटातच विरघळला तर मळमळ आणि मुरडा. तुमच्याकडे रात्री गोळ्या दुधासोबत द्यायची पद्धत दिसते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पण मुळात ट्रॅमाडॉल चालू आहे तोवर रेचक सुटणार नाही. त्या जातीच्या गोळ्यांनी आतड्याची चालच मंद होते, आणि शरीराला दुखण्याची गोळी अंगवळणी पडते तशी ही मंदी अंगवळणी पडत नाही. खरं तर ट्रॅमाडॉल लिहिलं त्याच चिठ्ठीत रेचकही लिहायला हवं होतं.

मानेवाडाकर

ट्रॅमाडॉलबद्दल डॉक्टर म्हणाले नुसतं पॅरासिटामॉल करून बघू. पण फिजिओथेरपीवाला मुलगा म्हणतो, दुखणं राहिलं तर ती पाय टाकणार नाही, आणि पाय टाकला नाही तर पोट पुन्हा तसंच होणार. दोघांचंही पटतंय.

निवृत्त_सिस्टर

दोघंही बरोबर आहेत, म्हणून तर अवघड आहे. काही डॉक्टर फक्त व्यायामाआधी एक गोळी ठेवतात. तुमच्या डॉक्टरांना विचारा, इथे कोणी ठरवू नये.

सकाळची सवय मात्र लावा. चहा-नाश्ता पोटात गेला की आतड्याला आपोआप चाल येते, त्यानंतर वीस मिनिटांनी वॉकरने कमोडच्या खुर्चीपर्यंत न्या, उंच सीटवर, पाय जमिनीला टेकलेले. पुढे वाकून कुंथू द्यायचं नाही. झालं नाही तर दहा मिनिटांत परत. पलंगावर बेडपॅनवर आडवं पडून कोणालाही नीट होत नाही, तुम्ही स्वतः करून बघा. पाण्याचं डॉक्टरांनाच विचारा. उन्हाळा आहे म्हणून घरचे तांब्याने पाजतात, पण लघवीचं औषध आणि सोडियमचा रिपोर्ट बघूनच आकडा ठरवायचा.

बर्डीवाला

मागून आलोय. माझे सासरे, वय ६०, मूत्रपिंड व्यवस्थित, बीपी नाही, डॉक्टरांनीच एक बाटली घरी द्यायला सांगितलीय. सिस्टर, पद्धत सांगाल का? बाटलीवरचं चित्र बघून आम्ही त्यांना कमोडवर बसवूनच देणार होतो, म्हणजे लगेच होईल.

निवृत्त_सिस्टर

बसवून कधीही नाही! बसलेल्या किंवा उभ्या माणसाला दिलं की नळीचं टोक गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर रुततं. फाटलं तर ऑपरेशनच.

नीट वाचा. बाटलीवरची तारीख बघा. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात काही मिनिटं ठेवा, गरम पाण्यात नाही आणि गॅसवर तर नाहीच. गार द्रावाने मुरडा येतो, गरमने आतून भाजतं. मनगटावर थेंब टाकून बघा, गार-गरम काही जाणवायला नको. पलंगावर प्लास्टिक आणि जुनी चादर. बेडपॅन किंवा कमोडची खुर्ची आधीच हाताशी आणून ठेवा, नंतर धावाधाव होते.

सासऱ्यांना डाव्या कुशीवर, दोन्ही गुडघे पोटाकडे. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डाव्या अंगाला असतो, म्हणून द्राव सहज आत जातो. आधी ज्या आईंना उजवीकडे वळवलं होतं ते सांध्यामुळे. थोड्याच द्रावाला त्याने फार बिघडत नाही. हातमोजे घाला, नळीच्या टोकाला जेली लावलेली असली तरी आणखी लावा. त्यांना तोंडाने लांब श्वास सोडायला सांगा आणि तो सोडत असताना नळी बेंबीच्या दिशेने हळूच आत, दोन ते तीन इंच. अडलं तर जोर नाही. किंचित मागे घ्या, पुन्हा बघा, तरी अडलं तर थांबा आणि डॉक्टरांना फोन. कळ आली, रक्त दिसलं, तरी थांबा.

बाटली खालून वर अशी सावकाश दाबत या, मिनिटभर तरी लावा. भसकन दाबलं तर लगेच बाहेर येतं आणि उपयोग शून्य. दाब न सोडता नळी बाहेर काढा, नाहीतर बाटली द्राव परत ओढून घेते. थोडा द्राव तळाशी राहतो, तो तसाच असतो. मग नितंब दाबून धरा, पाच मिनिटं, जमलं तर दहा. कळ जोरात आली की उठवा, पण एकटं सोडू नका. बाथरूमला आतून कडी नको, तिथेच चक्कर येते.

अर्ध्या तासात काहीच बाहेर आलं नाही तर डॉक्टरांना कळवायचं. दुसरी बाटली नाही. आणि नंतर पोट दुखायला लागलं, ताप आला, तर 'एनिमामुळे असेल' म्हणून झोपू नका.

तर्रीपोहे

आमच्याकडे पूर्वी डब्याला नळी लावून साबणाच्या पाण्याचा देत. तो काय वाईट होता?

निवृत्त_सिस्टर

साबणाने आतली कातडी सोलवटते दादा, कपड्याचा साबण वापरला तर रक्तसुद्धा पडतं. आणि साध्या पाण्याचे डब्यावर डबे दिले की ते अंगात शोषलं जातं, सोडियम उतरतं, माणूस गुंगतं. म्हणून सलाइन. डबा असलाच तर पलंगापासून फूट-दीड फूटच वर, खुंटीला टांगायचा नाही. उंचावरून जोर फार येतो.

बर्डीवाला

बरं झालं विचारलं. रात्री देतो, उद्या सांगतो.

निवृत्त_सिस्टर

रात्री नका देऊ. सकाळी द्या, डॉक्टर फोन उचलतात तेव्हा.

मानेवाडाकर

रिपोर्ट आला. सोडियम उतरून १२८, क्रिएटिनिन १.९, हिमोग्लोबिन दवाखान्यातून निघताना होतं तेवढंच. डॉक्टरांनी लघवीचं औषध असलेली बीपीची गोळी बंद करून दुसरी दिलीय, सोमवारी परत रक्त तपासायचं. पेगचा आज दुसरा दिवस, अजून झालेलं नाही, पण पोट मऊ आहे आणि गळणं थांबलंय. औषधवाला भाऊ, त्या दोन बाटल्या परत घेतील का दुकानात?

औषधवाला

सील फोडलं नसेल आणि बिल असेल तर घ्यायला हरकत नसावी. माझ्या दुकानाच्या असत्या तर मी घेतल्या असत्या. नाहीच घेतल्या तर घरात ठेवू नका, भाऊ पुन्हा काढेल.